नमस्कार, नमस्कार

मागच्या महिन्यात साताऱ्याला एका लग्नाला गेले होते. लहानपणापासूनच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. पूर्वी आम्ही एकाच वाड्यात राहायचो, त्यामुळे तिचे वडील, अप्पा, हे मला माझ्या सख्ख्या काकांपेक्षा जास्त ओळखीचे. आता ब्याऐंशीचे आहेत. हॉलच्या एका कोपऱ्यात पंख्याखाली खुर्चीवर बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी, आणि समोरून माणसं ये-जा करत होती. मी जेवत होते, म्हणजे बुफे असतो तसं उभ्यानेच, डाव्या हातात ताट, उजवा हात श्रीखंड-पुरीने खरकटा. त्यांच्यासमोरून जाताना नजरानजर झाली, मी पटकन हसले, मान जराशी खाली केली आणि म्हणाले, "नमस्कार अप्पा!" त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, नमस्कार." तेवढ्यात कोणीतरी फोटोला हाक मारली आणि मी गेले. संध्याकाळी गाडीत बसून पुण्याला परत.

चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला, लग्नाचं सगळं बोलून झालं आणि शेवटी ती म्हणाली, "अगं एक विचारू का, अप्पा विचारत होते, ती माझ्यावर रागावलीय का म्हणून."

मी नमस्कार म्हटला होता. केला नव्हता.

हे लक्षात यायला मला फोन ठेवल्यावर पाच मिनिटं लागली, आणि लक्षात आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. कारण मी काही उद्धटपणा केला नव्हता. खरकट्या हाताने पाया पडत नाहीत, एका हाताने तर नाहीच, हे मला आईने शिकवलेलं आहे. त्यामुळे माझ्या मते मी आपलं जमेल ते केलं. पण अप्पांच्या बाजूने बघितलं तर काय झालं, की जी मुलगी पंधरा वर्षं दर दिवाळीला, दर दसऱ्याला, संक्रांतीला, प्रत्येक निकालाला त्यांच्या पायाशी वाकली, ती आज सगळ्यांसमोर तोंडाने 'नमस्कार' म्हणून पुढे गेली. आणि त्यांनीही मला तेच उत्तर दिलं जे आपण परक्या माणसाला देतो. दोनदा म्हटलेला नमस्कार. "नमस्कार, नमस्कार." आपल्याकडे हे असं दोनदा कधी म्हणतात ते आठवून बघा. घरी आलेल्या पाहुण्यांना, शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनना, मुलीला बघायला आलेल्या लोकांना. आपल्या माणसाला कोणी दोनदा नमस्कार म्हणत नाही.

वाड्यात 'नमस्कार' हा शब्द तोंडाने उच्चारलेला मी फार कमी ऐकलाय. आई म्हणायची "नमस्कार कर", पण त्याचा अर्थ वाक असा होता, बोल असा नव्हता. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की देवाला, मग आजीला, मग जो मोठा समोर असेल त्याला. दसऱ्याला आपट्याची पानं हातात घेऊन सगळ्या वाड्यात फिरायचं, पानं द्यायची आणि वाकायचं. अप्पांचा हात पाठीवर पडायचा, जरा जोरातच पडायचा, आणि ते दरवेळी एकच म्हणायचे, "मोठी हो." मग लगेच काहीतरी विचारायचे, पेपर कसे गेले, बाबा आले का, असलं काहीतरी. म्हणजे वाकण्याला उत्तर नमस्कार कधीच नव्हतं. मोठी हो, सुखी राहा, यशस्वी हो, बायकांना अखंड सौभाग्यवती, आणि काहीच नाही सुचलं तर नुसतं "असू दे, असू दे" म्हणून खांद्याला धरून उठवणं.

आणि रोजच्या येण्याजाण्यात तर कसलंच अभिवादन नव्हतं. शाळेतून आल्यावर दारातून "आले गं", निघताना "येते", जिन्यात काकू भेटल्या की "काय, झाला का स्वयंपाक?", खाली अप्पा भेटले की "कुठं निघालात?" हेच आमचं हॅलो. या प्रश्नांना खरं उत्तर अपेक्षितच नसतं, "हां, जरा मंडईत" एवढं म्हटलं की झालं. बाहेरच्या माणसाला हे चौकशा करणं वाटतं, माझ्या नवऱ्याच्या एका ऑफिसातल्या मित्राला वाटलेलंच, तो म्हणाला तुमच्याकडे लोक सारखं जेवण झालं का विचारतात, नाही म्हटलं तर वाढतात का. तर कधीकधी वाढतातही. पण मुद्दा तो नाही, मुद्दा असा की ओळखीच्या माणसाला मराठी माणूस शब्दाने वंदन करत नाही, तो त्याच्या दिवसात डोकावतो.

मग तोंडाने नमस्कार कोणाला? तर बाबांच्या ऑफिसचे साहेब आले की. बाबा दारात उभे राहून दोन्ही हात जोडायचे, आवाज एकदम बदलायचा, थोडा वरच्या पट्टीत जायचा, "नमस्कार, नमस्कार, या, या." तो आवाज आतल्या खोलीत ऐकू आला की मला दहाव्या वर्षीही कळायचं की आता पोहे होणार, आणि आपण बाहेर नाचायचं नाही. डॉक्टर, मुख्याध्यापक, वकील, लग्न जमवायला आलेली मंडळी. म्हणजे शब्द एकच, पण करायचा तो घरच्यांना आणि म्हणायचा तो बाहेरच्यांना. मी त्या लग्नात हे उलटं करून आले.

पत्रात मात्र हे सगळं लिहावं लागायचं, आणि तिथे कोणाला काय याची पक्की घडी होती. निळं आंतर्देशीय समोर घेऊन आजी सांगायची आणि मी लिहायचे. स्वतःच्या आई-वडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्यासारख्या दुसऱ्या मोठ्यांना 'तीर्थस्वरूप', आणि पुढे 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', सप्रेम नमस्कार. धाकट्याला 'चि.' आणि अनेक आशीर्वाद, तिथे नमस्कार नाहीच. एकदा मी घाईत मावसभावाच्या पत्रात, तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि आजीने ते पत्र परत लिहायला लावलं. मी म्हटलं त्याला काय फरक पडतो. ती म्हणाली, "त्याला नाही पडत, त्याचं आयुष्य कमी होतं." मोठ्याने लहानाला नमस्कार केला तर लहानाचं आयुष्य कमी होतं अशी तिची समजूत होती. मला ती पटत नाही, पण अजूनही बँकेत कोणी पंचाहत्तरीच्या आजी माझ्यापुढे हात जोडायला लागल्या की माझे हात आपोआप पुढे जातात त्यांचे हात खाली करायला.

बँकेत मी बावीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी काउंटरवर. तिथे बसून एक गोष्ट शिकले की आपण काय म्हटलं यापेक्षा समोरून काय परत आलं ते बघायचं. चुकलं की बरोबर, ते तिथे कळतं. पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजोबांना "नमस्कार काका, बोला" म्हटलं की ते खुर्चीत जरा सैल बसतात. त्याच आजोबांना आमच्याकडची नवीन मुलगी "हॅलो सर, बोला" म्हणाली तर ते आधी स्लिप नीट भरली आहे ना ते बघतात, म्हणजे त्यांना आपण ऑफिसात आलोय असं वाटतं. वाईट काही नाही, पण कमरेतून जरा ताठ होतात. कॉलेजच्या पोराला मी "नमस्कार" म्हटलं तर तो गडबडतो, त्याला वाटतं काहीतरी गंभीर आहे, खातं बंद वगैरे झालंय. त्याला "हां बोल" म्हटलं की तो बोलायला लागतो. तालुक्याकडून आलेले शेतकरी काउंटरला यायच्या आधी दारातूनच "राम राम ताई" म्हणतात, आणि त्याला "राम राम" हेच उत्तर आहे, दुसरं नाही.

हे 'दुसरं नाही' मी एकदा फार वाईट पद्धतीने शिकले. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एक मध्यमवयीन गृहस्थ नेहमी यायचे, शांत, नीट इस्त्रीचा शर्ट. एक दिवस मला हसून म्हणाले, "जय भीम, मॅडम." मी तितकंच हसून म्हटलं, "नमस्कार." त्यांचं हसू गेलं नाही, पण थांबलं. काम झाल्यावर ते गेले आणि शेजारच्या काउंटरवरची माझी सहकारी हळूच म्हणाली, "जय भीमला जय भीम म्हणायचं असतं गं. तू नमस्कार म्हणालीस म्हणजे तू ते घेतलं नाहीस." मी म्हटलं पण नमस्कार तर सगळ्यांसाठीच असतो ना. ती काही बोलली नाही. ती स्वतः 'जय भीम' म्हणणाऱ्या घरातली होती आणि इतके दिवस माझ्याशी रोज सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणत होती.

नमस्कार सगळ्यांसाठी असतो, हे मला खरंच वाटत होतं. नंतर वाचनात आलं की नव्हता. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने, पेशव्यांकडून आलेल्या तक्रारीवरून, सोनार जातीच्या लोकांनी 'नमस्कार' करू नये असा हुकूम काढला होता, डॉ. आंबेडकरांच्या लेखनात तो दिलेला आहे. शब्दावर बंदी! कोणी नमस्कार म्हणायचं, कोणी दंडवत, कोणी रामराम, हे जातीवरून ठरलेलं, आणि महारांनी तर 'जोहार' म्हणायचं, तेही वाकून, लांबून. चोखोबांच्या अभंगात 'जोहार मायबाप' येतो तो हाच. मग कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलं असं मानतात ते 'जय भीम' आलं, आणि ते म्हणणाऱ्या माणसाने पहिल्यांदा मान वर ठेवून अभिवादन केलं असणार. त्याच्या उत्तरात मी माझा नमस्कार ठेवला होता. ते गृहस्थ नंतरही यायचे, मी पुढच्या वेळी आपणहून "जय भीम" म्हटलं, त्यांनीही म्हटलं, आणि आम्ही दोघांनीही त्या आधीच्या दिवसाचा विषय काढला नाही. पण तेव्हापासून समोरच्याने जो शब्द दिला तोच परत द्यायचा, हे मी पाळते. आळंदीच्या वाटेवर कोणी "राम कृष्ण हरी माऊली" म्हणत पायाशी वाकलं तर आपणही वाकायचं. वारकऱ्यांत तर वय बघतच नाहीत, सत्तरीचे आजोबा वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतात आणि पोरगा त्यांच्या. माझ्या आजीची ती आयुष्य कमी होण्याची समजूत तिथे कशी काय विरघळते कोण जाणे, कारण ती स्वतः दरवर्षी जायची.

'नमस्ते' हा शब्द माझ्या जगात कसा आला ते अगदी स्पष्ट आठवतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की मॉनिटर ओरडायचा "एऽऽक साऽथ", आणि आम्ही पन्नास जणी-जण उभे राहून "नऽमस्तेऽऽ". लाकडी बाकांचा आवाज, खडूचा वास. शाळा सुटली की नमस्ते पण सुटलं, घरी कधीही कोणी ते वापरलं नाही. अर्थाने बघायला गेलं तर नमस्कार आणि नमस्ते सख्खी भावंडं, नमः दोघांत आहे, आणि नमस्तेमधला 'ते' म्हणजे तर 'तुला'. म्हणजे खरं तर जास्त जवळचं. तरी मराठी कानाला ते जवळचं लागत नाही, ते एकतर वर्गातलं लागतं नाहीतर हिंदीतलं. आमच्या बँकेच्या दारातले सिक्युरिटीचे काका उत्तर प्रदेशातले आहेत, रोज सकाळी "नमस्ते मॅडम" म्हणतात, मी "नमस्ते भैय्याजी" म्हणते, आणि तो एक सेकंद मी हिंदीत असते. त्यांना मी नमस्कार म्हटलं तर ते चुकीचं नाही होणार, पण त्यांच्याकडून आलेलं मी माझ्या भाषेत बदलून परत दिल्यासारखं होईल, आणि ते मला आता करवत नाही. मात्र कोणी मराठी माणूस मला मराठीत बोलताबोलता "नमस्ते" म्हणाला की मी थोडी सावध होते. बऱ्याचदा काहीतरी विकायचं असतं.

हॅलो हे वेगळंच प्रकरण आहे. फोनवरचं हॅलो आमच्या कानाला अभिवादन वाटतच नाही, ते लाईन लागली का बघणं आहे, म्हणून तर लोक "हॅलो, हां, नमस्कार, मी अमुक बोलतेय" असं सगळं एका दमात म्हणतात आणि त्यात दोनदा अभिवादन केलं असं कोणालाच वाटत नाही. २०२२ साली २ ऑक्टोबरपासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम' म्हणावं असं शासनाने सांगितलं, तेव्हा आमच्याकडे त्यावर चर्चा झाली. मला तेव्हा वाटलं होतं की लोक ते म्हणतील आणि पुढे "हॅलो, ऐकू येतंय ना?" हेही म्हणतील. कारण हॅलोचं काम वेगळं आहे. समोरासमोर मात्र हॅलो खरंच अभिवादन झालंय, आणि ते बसलं कुठे, तर मधल्या माणसांच्या जागी. घरचा नाही की ज्याला "जेवलास का" विचारावं, साहेब नाही की ज्याला हात जोडावेत. मुलाच्या क्लासमधल्या मित्राची आई, लिफ्टमध्ये रोज दिसणारे सातव्या मजल्यावरचे गृहस्थ, नवऱ्याच्या मित्राची बायको जी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि जिला वहिनी म्हणावं की नावाने हाक मारावी हे मला दहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. या माणसांसाठी आमच्याकडे शब्दच नव्हता, कारण वाड्यात अशी अर्धवट ओळखीची माणसं नसायची. तिथे हॅलो आलं आणि मला त्याचे उपकारच वाटतात. ते वय विचारत नाही, नातं विचारत नाही, आडनाव तर नाहीच नाही.

'हाय'चं तसं नाही. हाय म्हणायला दोघं एका पायरीवर असावे लागतात. मी माझ्यापुरता एक नियम केलाय की ज्याला मी 'तू' म्हणू शकते त्यालाच हाय. कॉलेजच्या मैत्रिणींना हाय, बरोबरच्या सहकाऱ्यांना हाय. रीजनल ऑफिसचे साहेब स्वतः हाय म्हणाले तरी मी "गुड मॉर्निंग सर"च म्हणते. माझ्या आजीला तर हा शब्द कळायचाच नाही. तिच्या साताऱ्याच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे'. आत्येभाऊ मुंबईहून आला, दारात उभा राहून म्हणाला, "हाय आजी!" ती आतून म्हणाली, "हाय की! कुठं जातीय मी?" आणि तिला हाय खाणं म्हणजे धास्ती घेणं माहीत, हाय हाय करणं म्हणजे रडणं माहीत, आणि ही मुलं आनंदाने हाय म्हणतात याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटायचं. पण तिने एकदा एक गोष्ट बरोबर पकडली. म्हणाली, "हाय म्हणू दे, पण पुढं आजी म्हणतोय का बघ." आणि खरंच, सगळं त्या पुढच्या शब्दात आहे. माझ्या लेकीच्या मैत्रिणी घरात येतात, बूट काढता काढता "हाय काकू", आणि मला ते गोडच वाटतं. त्यातला 'काकू' काढून टाका, नुसतं "हाय" राहू द्या, तर मीसुद्धा एक क्षण वर बघेन. "हॅलो आजोबा" चालतं, "हॅलो" चालत नाही. हाय-हॅलो आपण बाहेरून घेतलं, पण काका-काकू-आजी-ताई-दादा काही सोडलं नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे यातलं काहीच नको असतं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. भेटायला लोक येत होते, चप्पल काढायचे, आत यायचे, न बोलता बसायचे. सुतकात नमस्कार नसतो, कोणी वाकलंच तर आशीर्वाद देत नाहीत, आणि निघताना "येतो" म्हणत नाहीत, नुसतं उठून जातात. हे कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. अप्पाही आले होते, तेव्हा काठी नव्हती त्यांच्याकडे. माझ्या शेजारी सतरंजीवर बसले, पाठीवर हात ठेवला, आणि अर्ध्या तासाने उठून गेले. एक शब्द नाही. त्याच दिवशी दुपारी बँकेतली एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी आली, दारातच सवयीने तिच्या तोंडून "हॅलो मॅम" निघून गेलं आणि तिचा चेहरा पडला, सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. मला तिचा राग आला नाही. उलट त्या दोन दिवसांत माझ्याशी कोणी नेहमीसारखं बोललं ते तेवढंच होतं, मी तिला हाताला धरून जवळ बसवलं. तेव्हा योग्य काय आणि अयोग्य काय हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मोठ्या माणसांचं न बोलणं मला हवं होतं आणि तिचं चुकून बोललेलं हॅलो पण.

तर अप्पांचा तो प्रश्न, रागावलीय का. फोनवरून मी मैत्रिणीला म्हटलं, सांग त्यांना नाही म्हणून. ती म्हणाली सांगितलं, पण तू ये एकदा. फोनवर त्यांच्याशी बोलायचं मनात आलं होतं पण काय म्हणणार, "नमस्कार अप्पा" म्हणूनच सुरुवात केली असती. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने गेले. वाडा आता नाही, तिथे बिल्डिंग झालीय, ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. रिकाम्या हाताने गेले, मुद्दाम, म्हणजे पिशवी खांद्याला होती, पण हात दोन्ही मोकळे ठेवले होते.

काकूंनी दार उघडलं. "अगंबाई, तू! कधी निघालीस?" मी तिथेच वाकले, त्यांनी "असू दे, असू दे" म्हणत उठवलं. आतल्या खोलीत अप्पा पलंगावर पडलेले, डोळे मिटून, पण जागे असावेत कारण पायाची बोटं हलत होती. मी सरळ पायथ्याशी गेले आणि वाकणार तोच काकू मागून म्हणाल्या, "थांब थांब, झोपलेत ना ते. झोपलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत." आणि मला आठवलं, हो, झोपलेल्याच्या पाया पडायचं नसतं, आडव्या माणसाला नमस्कार एकदाच होतो. हेही मला माहीत होतं. त्या दिवशी घाईत ते पण विसरले होते.

मग मी तशीच उभी राहिले. अप्पांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. काठी चाचपली, ती पलंगाखाली गेली होती. मी काढून दिली. हळूहळू एक पाय खाली, मग दुसरा, काकूंनी पाठीमागे उशी लावली, टोपी हातात दिली, ती त्यांनी नीट घातली. हे सगळं व्हायला दोन-तीन मिनिटं लागली असतील आणि तोपर्यंत कोणीच काही बोललं नाही. ते सरळ बसले, मग मी वाकले. पाय थंड होते. पाठीवर हात पडला, पूर्वीसारखा जोरात नाही.

"मोठी हो," म्हणाले. मग काकूंकडे बघून, "ही जेवलीय का विचार."